अक्षर जोनाथनचं, पत्र जोनाथनचं नाही

एका वाचकाची प्रतिक्रिया: “‘ड्रॅक्युला’तल्या डायऱ्या आणि पत्रांमुळे पात्रं जवळची आणि खरी वाटतात, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. जीव मुठीत धरून बसलेला माणूस पानंच्या पानं संवाद कसा लिहील? आणि जो तो आपापल्या तोंडाने बोलतोय, मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर? मला यात लेखकाने स्वतःची सोय पाहिलेली दिसते.”

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचा पहिला आक्षेप मला एका ठिकाणी पूर्ण मान्य आहे. 17 सप्टेंबरच्या रात्री लांडगा खिडकीची काच फोडतो, ल्यूसीची आई जागीच जाते, गुंगीचं औषध मिसळलेली दारू पिऊन मोलकरणी खाली बेशुद्ध पडतात, आणि ल्यूसी हे सगळं कागदावर लिहून तो छातीशी लपवते. तिथे धागा तुटतो. मी ते पान दरवेळी जरा भरभर वाचतो. पण बाकीच्या ठिकाणी ब्रॅम स्टोकरने आधीच तजवीज केलेली आहे. जोनाथनची होणारी बायको मीना सुरुवातीच्याच एका पत्रात मैत्रीण ल्यूसीला कळवते की बायका वार्ताहर जशा मुलाखती आणि वर्णनं लिहितात तसा सराव तिला करायचाय, सवय झाली की दिवसभरात कानावर पडलेलं बरंचसं लक्षात राहतं म्हणे. म्हणजे संवाद आठवून लिहिणं हा या बाईचा ध्यास आहे, आणि पुढे सगळं दप्तर तिच्याच हातून तयार होतं.

आता विश्वासाचं. कादंबरीत नुसत्या डायऱ्या एकापुढे एक मांडल्या असत्या तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण इथे कागद हातोहात फिरतात. कोणी कोणाचं काय वाचलं, कधी वाचलं आणि काय वाचायचं राहून गेलं, यावर सगळं उभं आहे.

जोनाथनच्या तीन पत्रांचंच घ्या. कामासाठी गेलेला हा तरुण वकील काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्यात अडकलाय. 19 मेला काउंट गोड बोलून त्याच्याकडून तीन पत्रं लिहून घेतो: काम संपत आलंय, उद्या निघतोय, वाडा सोडून बिस्ट्रिट्झला पोचलो. तारखा पुढच्या घालायच्या, 12, 19 आणि 29 जून. जोनाथन डायरीत लिहितो की आपलं आयुष्य किती उरलंय ते आता कळलं. यानंतर कितीतरी पानांनी, इंग्लंडमध्ये मीनाच्या हाती त्याची एक ओळ पडते: घरी यायला निघतोय. तिला बरं वाटायला हवं, पण ती अस्वस्थ होते. 3 ऑगस्टला ती पुन्हा ते पत्र काढून बघते आणि लिहिते की हे वाचताना तो बोलतोय असं वाटत नाही, आणि तरी अक्षर त्याचंच आहे, त्यात शंका नाही.

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. काकाचं पत्र आई वाचून दाखवायची. एकदा “सर्व क्षेम” एवढंच ऐकून आजी म्हणाली होती, याचं काहीतरी बिनसलंय. मीनाचं ते वाक्य वाचताना मला ती आठवते. पत्राचा कागद अस्सल आणि मजकूर खोटा, हे आपल्याला जोनाथनच्या डायरीमुळे ठाऊक असतं. मीनाला काहीच ठाऊक नसतं, पण जवळीक असल्यामुळे खोट तिच्या कानाला लागते. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न मला तिथून पुढे पडत नाही.

जोनाथनचं एक खरं पत्रही होतं. ते त्याने चोरून, लघुलिपीत लिहिलं होतं. मीनाही लघुलिपीचा सराव करत होती, म्हणजे ती त्या दोघांची खाजगी भाषाच म्हणायची. काउंटच्या हाती ते पडतं, त्याला अक्षर लागत नाही, आणि सही नाही म्हणजे आपल्याला त्याचं काय, असं म्हणून तो ते दिव्यावर जाळून टाकतो. त्याच लिपीतली डायरी मात्र शाबूत राहते.

पुढे बुडापेस्टच्या दवाखान्यात, लग्नाच्या दिवशी, जोनाथन ती डायरी मीनाला देतो. हवं तर वाच, पण मला कधी कळू देऊ नकोस, एवढीच अट. ती वाचत नाही. पांढऱ्या कागदात गुंडाळते, गळ्यातल्या फिक्या निळ्या फितीने बांधते आणि गाठीवर लाख ओतून त्यावर लग्नाच्या अंगठीचा ठसा उमटवते. नवऱ्याचं मन पूर्ण आपल्या हातात असताना न उघडणं, ही माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात जवळची घटना आहे. ती डायरी उघडते ती थेट सप्टेंबरात, लंडनच्या रस्त्यात काउंटला पाहून जोनाथन कोसळतो तेव्हा. मग टाइप करते आणि ती प्रत ल्यूसीवर उपचार करणाऱ्या डॉ. व्हॅन हेल्सिंगला वाचायला देते. त्याचं उत्तर येतं की हे सगळं खरं आहे. दुसऱ्या दिवशी जोनाथन पुन्हा डायरी लिहायला घेतो. भीतीने नव्हे, हे खरंच घडलं का या शंकेने आपल्याला पाडलं होतं, असं तो लिहितो. बघा, इथे डायरी लिहिणाऱ्याचाच स्वतःवर विश्वास नव्हता. दुसऱ्याने वाचल्यावर तो बसला.

पण याची किंमत आहे. डॉ. स्यूअर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. मीना ती ऐकते आणि सांगते की यंत्र अद्भुत आहे, पण फार निर्दयपणे खरं आहे, त्यात तुमच्या मनाची वेदना आवाजासकट ऐकू आली. म्हणून तिने शब्द टाइप करून काढले, आता दुसऱ्या कोणाला तुमच्या काळजाचे ठोके ऐकायला नकोत. टाइप केल्याने मजकूर सगळ्यांचा होतो आणि आवाज जातो. आपल्या हातात जे पुस्तक आहे ते आवाज काढून घेतल्यानंतरचं आहे. शेवटच्या टिपणात जोनाथनही कबूल करतो की अस्सल कागद जवळजवळ उरलेला नाही, सगळा टाइप केलेला ढीग आहे, याला पुरावा कोण मानणार. लेखकाला फक्त सोय बघायची असती तर हे वाक्य त्याने लिहिलंच नसतं.

आणि हे फिरणं थांबतं तेव्हा काय होतं ते 1 ऑक्टोबरच्या नोंदींत आहे. काउंटच्या मागावर असलेली पुरुषमंडळी ठरवतात की मीनाला यापुढे काही सांगायचं नाही, बाईमाणसाला झेपणार नाही. जोनाथन लिहितो की ती नेहमीपेक्षा फिकी दिसतेय, हाका मारूनही लवकर उठली नाही, आणि क्षणभर ओळख न पटल्यासारखी भेदरून बघत राहिली. त्याला वाटतं, थकली असेल. मीना त्याच दिवशी लिहिते की इतक्या वर्षांच्या विश्वासानंतर अंधारात ठेवलं जाणं विचित्र वाटतंय, आणि मग रात्री खोलीत शिरलेल्या धुक्याचं स्वप्न सांगते. दोघंही खरं लिहितायत. दोन्ही पानं शेजारी ठेवली की काउंट खोलीत येऊन गेला हे आपल्याला कळतं. त्यांना नाही, कारण एकमेकांचं वाचणं त्यांनी बंद केलंय.

या दोन नोंदी एकदा पाठोपाठ वाचून बघा. मीनाच्या नोंदीत शेवटी येतं की झोपेचं औषध मागावं असं तिला वाटतं, पण उगाच सगळे घाबरतील म्हणून ती ते मागत नाही.