चार पॉइंट चारचा मिक्सर आणि तुमची अढळ श्रद्धा

जुना मिक्सर गेलेला आहे, शेंगदाण्याचा कूट संपत आलेला आहे आणि मोबाईलवर कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा एक मिक्सर झळकतो आहे. ७५० वॉट, तीन भांडी, ४.४ तारे, २,१४० रेटिंग. आता तुम्ही फक्त एवढंच करायचं: इथेच थांबायचं. बोट खाली सरकवायचं नाही. सरासरी दशांश चिन्हासकट दिली आहे, म्हणजे कुणीतरी गणित केलेलंच असणार. त्यावर आणखी अभ्यास करणं हे खरेदी करणाऱ्या माणसाला शोभत नाही.

गणित मागणीनुसारही करून मिळतं, पण ते मनावर घेऊ नका. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्यावर कारवाई केली. तो ॲमेझॉनवर वजन उतरवायच्या गोळ्या विकायचा, आणि त्याही गार्सिनियाच्या, म्हणजे आपल्या कोकमाच्या भाऊबंदाच्या. विक्री व्हायची तर सरासरी ४.३ हवी, असं त्यानं पैसे घेऊन रिव्ह्यू पुरवणाऱ्या वेबसाइटला सांगून ठेवलं होतं. दंड ठरला १ कोटी २८ लाख डॉलर, आणि ५० हजार डॉलर भरल्यावर बाकीची वसुली स्थगित. बघा, ५ पैकी ५ मागण्याचा हावरटपणाही त्या बिचाऱ्यानं केला नाही. पाचला लोकांना संशय येतो, ४.३ कसं घरचं वाटतं.

तरीही तुम्हाला खाली उतरायचंच असेल, तर प्रत्येक रिव्ह्यूच्या डोक्यावरची ‘खात्रीशीर खरेदी’ची पट्टी वाचा आणि समाधानानं परत या. ती पट्टी खोटी नसते. त्या खात्यावरून मिक्सर खरंच मागवलेला असतो, पैसे खरंच भरलेले असतात आणि खोका खरंच कुणाच्या तरी दारात पोचलेला असतो. पैसे नंतर परत मिळाले का, हे विचारायची त्या पट्टीची रीत नाही.

ही परतफेडीची व्यवस्था तशी फार शिस्तीची असते. टेलिग्रामच्या ग्रुपवर एक मध्यस्थ मिक्सरचा फोटो टाकतो. थेट लिंक देत नाही. अमुक शब्द टाकून शोधा, आधी दोन-चार दुसरे मिक्सर उघडून बघा, मग खाली जाऊन आपला मिक्सर घ्या, असं सांगतो. म्हणजे विकणाऱ्या संकेतस्थळाला वाटतं की गिऱ्हाईक स्वतः चोखंदळपणे निवड करून आलं, आणि त्या शब्दांच्या शोधात हा मिक्सर वर चढतो. मग ऑर्डरचा स्क्रीनशॉट एका फॉर्ममध्ये भरायचा, खोका आला की काही दिवस थांबायचं, फोटोसह पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू टाकायचा, तो दिसू लागला की त्याची लिंक पाठवायची. माल परत करायची मुदत संपली की यूपीआयवर पैसे येतात, कधी पूर्ण, कधी शंभर-दोनशे कापून. नुसते तारे देण्याचं काम वेगळं आणि स्वस्त, मजकूर लिहिण्याचं वेगळं. मिक्सरची किंमत, मध्यस्थाचं कमिशन आणि संकेतस्थळाचा वाटा, सगळं विक्रेत्याच्या खिशातून जातं. एवढा खर्च करणाऱ्या माणसाकडे भांड्याच्या कपलरसाठी पैसे उरत नाहीत, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

ही व्यवस्था एकदा कळली की तिच्या खुणा जागोजागी दिसू लागतात आणि खरेदीची मजा जाते. म्हणून रिव्ह्यू कधीही ‘नवीन आधी’ या क्रमानं लावू नका. तसं केलंत तर काय होतं, ते या आपल्या काल्पनिक मिक्सरवरच बघा. २,१४० पैकी मजकूर फक्त १०१ जणांनी लिहिला आहे. यात लगेच पाप शोधू नका, नुसते तारे देऊन गप्प बसणारी प्रामाणिक माणसंही भरपूर असतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याला दोन-तीन रिव्ह्यू येत होते, आणि ९ ते १४ मे या सहा दिवसांत एकदम ४१ आले. त्यातले ३९ पाच ताऱ्यांचे, दोन चार ताऱ्यांचे, त्याखाली एकही नाही. जूनपासून एक ताऱ्याचे सुरू: मोटर जळाली, वास येतो, सर्व्हिस सेंटर फोन उचलत नाही. गोष्ट अशी घडली असावी की एप्रिलअखेर मोहीम झाली, मेमध्ये मिक्सर शोधात वर चढला, वर दिसला म्हणून खऱ्या लोकांनी घेतला, आणि त्यांनी इडलीसाठी उडीद डाळ वाटायला घातल्यावर जून उजाडला. ते सहा दिवस बाजूला काढून उरलेल्या ६० लेखी रिव्ह्यूंची सरासरी काढली तर ती तीनच्या आसपास भरते. म्हणूनच म्हटलं, काढू नका.

तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल, दिवाळीच्या सेलनंतरही रिव्ह्यूंची अशीच झुंबड उडते. खरं आहे. फक्त दिवाळीच्या झुंबडीत रडणारेही असतात: झाकण गळतं, खोका फाटका आला, आवाजानं बाळ उठलं. विकत घेतलेल्या झुंबडीत एकाचंही बाळ उठत नाही.

फोटोही बघू नका. पैसे परत मिळेपर्यंत कित्येकजण खोका फोडायचं टाळतात, कारण न वापरलेला मिक्सर पुढे विकता येतो किंवा लग्नात आहेर करता येतो. त्यामुळे फोटोत टेबलावर चकचकीत, प्लॅस्टिक न काढलेला मिक्सर असतो आणि मजकुरात ‘खूप दमदार, वर्षानुवर्षं टिकणारा’ असं लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं, आणि खोका मंगळवारी आला. ज्यानं खरंच वापरला त्याच्या फोटोत भांड्याच्या कडेला ओलं खोबरं चिकटलेलं असतं, आणि मजकुरात एखादी क्षुल्लक, आपल्याला न सुचणारी तक्रार असते. चटणीच्या भांड्यात मूठभर कोथिंबीर घातली तर पात्यांखाली फिरतच नाही, पाणी घालावं लागतं. मोठ्या भांड्याचा वायसर धुताना निसटतो. असलं काहीबाही वाचून मन खट्टू करून घेऊ नये.

त्यापेक्षा ‘७५० वॉट कॉपर मोटर थ्री जार मिक्सर ग्राइंडर मी घेतला’ असं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा. घरात कुणी ‘कॉपर मोटर थ्री जार आण गं इकडे’ असं म्हणत नाही, पण हा माणूस विक्रेत्यानं दिलेले शोधशब्द निष्ठेनं जागेवर बसवतो आहे. त्याच्या नावावर टिचकी मारून त्यानं आणखी कशाकशाचं कौतुक केलं आहे, ते बघायची सोय काही ठिकाणी असते. ती वापरू नका. एकाच आठवड्यात मिक्सर, दाढीचं तेल, कुत्र्याचा पट्टा आणि गाडीचं कव्हर, सगळ्याला पाच तारे. असा आनंदी संसार बघून उगाच असूया वाटते.

यंत्राकडून लिहून घेतलेलं कौतुक तर डोळे मिटून स्वीकारावं, कारण ते फारच सभ्य असतं. विक्रेत्यानं जाहिरातीत जे सात गुण सांगितले तेच सात, त्याच क्रमानं, दर गुणाला एक वाक्य, आणि शेवटी ‘एकंदरीत’. घरात कुणाचंही मिक्सरबद्दल इतकं समतोल मत नसतं. इथे मात्र माझी एक अडचण आहे, ती सांगतो. नुसत्या भाषेवरून कुणाला यंत्र ठरवणं धोक्याचं. रिव्ह्यू कधी यंत्रानं भाषांतर केलेला असतो, आणि मग आपल्या एखाद्या हाडामांसाच्या काकूही ‘हे उत्पादन उत्कृष्टपणे कार्य करते’ असं म्हणताना दिसतात. तेव्हा गुळगुळीत भाषेपेक्षा तपशिलाचा दुष्काळ हाच भरवशाचा पुरावा. नक्कल पकडायची युक्ती त्याहून सोपी आहे, म्हणून तिच्यापासून विशेष दूर राहा: रिव्ह्यूतले सलग सात-आठ शब्द, शक्यतो चुकीच्या शुद्धलेखनासकट, अवतरणचिन्हांत घालून शोधायचे. तीच चूक, तेच शब्द दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरखाली सापडले, तर दोन कुटुंबांनी मिळून एकच भावना अनुभवली, असं समजा.

सगळ्यात जुने रिव्ह्यू उघडणं हा तर शुद्ध आगाऊपणा. तिथे अचानक ‘कव्हर छान बसलं, कॅमेऱ्याची जागा बरोबर आहे’ असं निघतं. मिक्सरला कॅमेरा कुठला? तर विक्रेत्यानं मोबाईल कव्हरचं जुनं पान घेऊन त्यावर मिक्सर बसवला, किंवा वेगळ्याच वस्तू एकाच मालाचे प्रकार म्हणून जोडल्या, आणि तारे वारसाहक्कानं मिळवले. २०२३ मध्ये अमेरिकेत बाउंटिफुल या जीवनसत्त्वं विकणाऱ्या कंपनीला याच जोडाजोडीपायी सहा लाख डॉलर भरावे लागले होते.

आपल्याकडे असं काही चालत नाही, निश्चिंत राहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहायचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस १९०००’ आलं. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत, छापावेत, हे सगळं त्यात आहे. ते आणताना ऐच्छिक ठेवलं, म्हणजे ज्यांना प्रामाणिक राहायचं आहे त्यांची तेवढी सोय झाली. विक्रेत्याचे हात पकडायचेच असतील तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे, पण तिथे सांगायला पुरावा जपून ठेवावा लागतो.

तो पुरावा बहुधा खोक्यातच येतो. मिक्सरच्या तळाशी एक रंगीत कार्ड असतं: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, शंभर रुपये मिळवा. इथे तुम्ही त्या कार्डाचा फोटो काढून तोच रिव्ह्यूत टाकायचा नाही. असं केलं की पुढच्या गिऱ्हाइकाला सगळी सरासरी आपोआप समजते, आणि तो आनंद हिरावून घेणारे आपण कोण? कार्डावर लिहिल्याप्रमाणे लगेच, मिक्सर चालू करायच्याही आधी, ‘दमदार, एक नंबर’ लिहून टाका. चार महिन्यांनी कपलरचे दात झिजून भांडं जागच्या जागी घरघरेल, तेव्हा आपला जुना रिव्ह्यू बदलायची सोय असते म्हणे. तिकडे फिरकू नका, शंभर रुपये घेतलेत तुम्ही.