न्यूयॉर्कच्या इमारती आणि शिरोलीतला फाउंड्री सल्लागार

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी एका फाउंड्री सल्लागाराच्या लिंक्डइन प्रोफाइलचा स्क्रीनशॉट टाकला आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. डोकंच फिरलं. हसणाऱ्यांवर फिरलं, आणि खरं सांगायचं तर त्या प्रोफाइलवरही फिरलं. गृहस्थ कोल्हापूरचे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत हयात गेलेली. कास्टिंगच्या साच्याची वाळू मुठीत दाबून पाणी जास्त झालंय की कमी ते सांगणारा माणूस. आणि प्रोफाइलवर काय? कुणाच्या तरी लग्नातला फेटा बांधलेला फोटो, खांद्यावर अर्धवट कापलेला दुसऱ्याचा हात, आणि मागच्या बॅनरवर न्यूयॉर्कच्या उंच काचेच्या इमारती.

अहो, त्या इमारतींचा आणि कास्टिंगमध्ये वायूने पडणाऱ्या पोकळीचा, ब्लोहोलचा, काय संबंध?

नवखा कारखानदार सल्लागाराचं पान उघडतो तेव्हा तो दोनच गोष्टी बघत असतो. उद्या गेटवर येणारा माणूस हाच का, हे फोटोवरून. आणि हा माझ्या कामाचा आहे का, हे बॅनरवरून. बाकी सगळी सजावट. फेट्याच्या फोटोतून पहिलं कळत नाही, न्यूयॉर्कमधून दुसरं कळत नाही. मग तो माणूस मागे जातो आणि पुढचं नाव उघडतो.

आधी फोटो. लिंक्डइन तुमचा चौकोनी फोटो गोलात कापतं, म्हणजे चारही कोपरे गेले. किमान ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात, पण हजाराच्या वरचा चौकोन दिलेला बरा. तो गोल प्रोफाइलवर मोठा दिसतो, पण लोकांना तुम्ही पहिल्यांदा भेटता ते कमेंटमध्ये, आणि तिथे तो नखाएवढा असतो. त्या आकारात फेट्याने वरचा अर्धा गोल खाल्लेला असतो, हाताने खालची बाजू, आणि चेहऱ्याचा ठिपका उरतो. म्हणून हनुवटीपासून केसांपर्यंतचा चेहरा गोलाच्या उंचीच्या साधारण ६० टक्के हवा, थोडे खांदे दिसावेत, डोक्यावर बोटभर जागा. अपलोड करण्याआधी फोटो फोनवर अगदी लहान करून हातभर लांबून बघा. ओळखीचा माणूस ओळखू येत नसेल तर फोटो बाद.

स्टुडिओत जायलाच हवं असं काही नाही. ऊन थेट आत येत नाही अशी खिडकी शोधा. तिच्यापासून तीनेक फूट अंतरावर थोडे तिरके उभे राहा, म्हणजे उजेड एका गालावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी पडेल. दुसरी बाजू फार काळी पडली तर तिकडे थर्माकोलचा पांढरा शीट धरा, तेवढ्यानं काम होतं. ट्यूब आणि बल्ब बंद करा, नाहीतर एका बाजूला खिडकीचा निळसर आणि दुसऱ्या बाजूला बल्बचा पिवळा उजेड येतो आणि चेहरा आजारी दिसतो. मागची भिंत पाठीपासून पाच-सहा फूट लांब ठेवा. भिंतीला चिकटून उभं राहिलं की सावली मागे पडते आणि फोटो पासपोर्टचा वाटतो.

फोन दुसऱ्याच्या हातात द्या. सेल्फी नको म्हणजे नको. हातभर अंतरावरून नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब असतात, त्यामुळे नाक फुगतं आणि चेहरा अरुंद होतो. यात फोनचा काही दोष नाही, अंतराचा आहे. समोरच्या माणसाने पाच-सहा फुटांवर उभं राहून २x वर, लेन्स तुमच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवून तीस-चाळीस फोटो काढावेत. फोटो काढताना त्याच्याशी कामाबद्दल बोलत राहा. वाक्य संपल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते ‘स्माइल प्लीज’ म्हणून कधीच येत नाही. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्या किंवा काड्या कानावर जराशा वर उचला. चष्मा काढू मात्र नका. रोज घालता ना? मग फोटोतही हवा.

कपड्यांवरून तर पैसे घेऊन प्रोफाइल सजवून देणारे मेकओव्हर पॅकेजवाले इतका गोंधळ घालतात की विचारू नका. सगळ्यांना एकच काळा सूट. फाउंड्रीवाल्यालाही सूट, माती तपासणाऱ्यालाही सूट. ज्याच्या शेडमध्ये भट्टी पेटलेली आहे त्याला सुटातला सल्लागार बघून वाटतं, हा काही आत येणार नाही, ऑफिसात बसून चहा पिणार. या गृहस्थांना कॉलरचा साधा, एकरंगी, फिकट निळा शर्ट शोभला असता. बारीक रेघांचा नको, फोटो लहान झाला की त्या रेघांत लाटा उठतात. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा शर्टही नको, गोलाची कडाच पानात हरवते. बँकांना किंवा वकिलांना सल्ला देणाऱ्याला सूट लागतो, मान्य. तिथे घाला.

आणि फिल्टर. त्वचा गुळगुळीत करणारं ते बटण अनेक फोनमध्ये आधीच चालू असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते शून्यावर आणा. वीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या हीच त्याची जमा आहे, ती पुसताय कशाला? बारा वर्षांपूर्वीचा काळ्या केसांचा फोटोही तसाच नडतो. व्हिडिओ कॉल सुरू झाल्यावर समोरचा पहिली दोन मिनिटं तुमचं ऐकत नाही, फोटोतला माणूस शोधत बसतो.

‘काम चांगलं असेल तर फोटोची गरज काय?’ असं कुणीतरी खाली लिहिणारच. बरोबर आहे, जुन्या ओळखींवर काम मिळत असेल तर खरंच गरज नाही. पण नवा कारखानदार ओळखीचा नसतो, त्याचं काय?

आता बॅनर. इथे मला जास्त राग येतो, कारण इथे लोक आपल्या हाताने खोटं बोलतात. माप १५८४ बाय ३९६ पिक्सेल, म्हणजे उंचीच्या चौपट रुंदी. डावीकडे खाली तुमचा गोल फोटो त्यावर चढतो, आणि फोनवर तो तुलनेने बराच जास्त भाग झाकतो. म्हणून डावीकडचा तिसरा हिस्सा मोकळा सोडा आणि सांगायचं ते उजवीकडे ठेवा. या गृहस्थांच्या बॅनरवर फोन नंबर डाव्या तळाला होता. शेवटचे तीन आकडे दिसत होते, बाकीचे फेट्यामागे.

अक्षराचा आकार लोक लॅपटॉपवर ठरवतात आणि फसतात. हिशेब सोपा आहे. फोनवर हे १५८४ पिक्सेल जेमतेम सात सेंटिमीटरमध्ये बसतात. म्हणजे ४० पिक्सेलचं अक्षर दोन मिलिमीटरही भरत नाही. ८० चं केलं तर साडेतीन मिलिमीटर होतं, ते वाचता येतं. आता ८० च्या अक्षरात उजव्या दोन-तृतीयांश जागेत किती मावणार? दोन छोट्या ओळी. त्यांच्या बाबतीत मी लिहिलं असतं, ‘ग्रीन सँड फाउंड्रीसाठी’ आणि खाली ‘कास्टिंग रिजेक्शनवर सल्ला’. संपलं. गावांची नावं, नंबर, वेबसाइट, सहा सेवांची यादी, हे घालायचा मोह आवरा. त्याला खाली हेडलाइन आहे, कॉन्टॅक्ट इन्फो आहे. ‘यशाचा भागीदार’ वगैरे तर अजिबात नको, ते केटररही लिहितो.

अपलोड केल्यावर लिंक्डइन चित्र दाबून लहान करतं. निळ्यावर लाल, लालवर हिरवं अशी अक्षरं त्यात कडेला फुटतात, बारीक अक्षरं धुरकटतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी, जाड अक्षरं टिकतात, आणि अक्षरं असलेली फाइल पीएनजी ठेवावी. डिझायनरकडून बॅनर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून मागवू नका, तिथे आधीच एकदा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. शेवटी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. स्वतःच्या लॉगिनमध्ये पेन्सिल आणि कॅमेऱ्याची चिन्हं मध्ये येतात, खरं काय दिसतं ते कळत नाही.

मग चित्र कोणतं? हस्तांदोलन, बुद्धिबळाचा राजा, हवेत तरंगणारा ग्राफ, पेटलेला बल्ब यातलं काहीही चालणार नाही, कारण तेच चित्र आणखी हजार सल्लागारांकडे आहे आणि बघणाऱ्याला ते विकत किंवा फुकट मिळालेलं आहे हे कळतं. स्वतःच्या कामाचा खरा फोटो हवा. वाळूचा नमुना तपासताना, कापलेलं कास्टिंग हातात घेऊन दोष दाखवताना. इथेही नीट बघा. कामाच्या जागी हेल्मेट आणि सेफ्टी गॉगल लागत असतील तर फोटोत ते घातलेले हवेत, कारण जाणकाराची नजर आधी तिथेच जाते आणि हा माणूस माझ्या पोरांना सुरक्षितता काय शिकवणार, असा विचार डोक्यात येतो. मागे क्लायंटचा उत्पादनाचा फळा लिहिलेला असतो, त्यावर पार्ट नंबर आणि रिजेक्शनचे आकडे असतात. ते जगाला दाखवलेत तर पुढचा कारखानदार तुम्हाला आत घेणार नाही. फोटोसाठी मालकाची परवानगी मेलवर घ्या, तोंडी नको.

क्लायंटचे लोगो ओळीने लावण्याचंही तेच. दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं म्हणून मोठ्या कंपनीचा लोगो लावायचा, हे मला पटत नाही, आणि करारात गोपनीयतेचं कलम असेल तर अंगाशी येतं. आणि बॅनरवर सिंहमुद्रा? काही जण सरकारी पॅनेलवर आहोत म्हणून लावतात. राष्ट्रचिन्हाच्या गैरवापरावर २००५ चा कायदा आहे, काढून टाका. सीए मंडळींनी तर बॅनरवर सेवांची जाहिरात करण्याआधी आपल्या संस्थेचे सध्याचे नियम वाचावेत.

इतकं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय. त्या गृहस्थांचं काय चुकलं? बहुतेक घरातल्या कुणीतरी एका रविवारी खातं उघडून दिलं, गॅलरीत जो हसरा फोटो सापडला तो लावला आणि तयार चित्रांतून एक बॅनर निवडला. त्यांना कुणी सांगितलंच नाही. ग्रुपवर इमोजी टाकणाऱ्यांपैकी एकानेही त्यांना मेसेज केला नसेल.

त्यांच्या फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’चं हिरवं कडंही होतं, ते राहिलंच सांगायचं. कुणीतरी ‘काम हवंय ना, मग लाव’ म्हटलं असणार. ते कडं नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे. कारखानदाराला त्यातून कळतं की हे दोन महिन्यांत कुठेतरी रुजू होणार, मग आपलं अर्धवट काम कोण बघणार? सल्लागारासाठी प्रोफाइलवर सेवा देत असल्याचा वेगळा भाग जोडता येतो, तो भरा आणि कडं काढा. आणि प्रोफाइल फोटोवर क्लिक करून तो कुणाला दिसतो ते तपासा. फक्त कनेक्शन्सना दिसेल असं ठेवलं असेल तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या अनोळखी माणसाला तिथे राखाडी बाहुलाच दिसतो. ज्या बायकांना फोटो सगळ्यांना दाखवायचा नसतो त्यांचं कारण मला समजतं, त्यांनी निदान लिंक्डइनच्या सभासदांपुरता तरी खुला ठेवावा. पुरुषांना तसं कारण क्वचितच असतं.