तारीख-वेळेच्या रकान्यात टाइमझोन नसतो, तो साइटला जोडावा लागतो

> "फॉर्ममध्ये `datetime-local` टाकलं की वापरकर्त्याचा टाइमझोन ब्राउझर आपोआप पाठवतो. सर्व्हरवर मागे Z जोडा, यूटीसी म्हणून सेव्ह करा, काम संपलं. अगदीच हवं तर `getTimezoneOffset()` सोबत पाठवा. आणि सगळे वापरकर्ते भारतातले असतील तर या भानगडीत पडूच नका."

चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि प्रत्येकाची चूक वेगळी आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊ. उदाहरण मात्र शेवटपर्यंत एकच ठेवू: पुण्यातली दिवाळी पहाट, रविवार ८ नोव्हेंबर २०२६, पहाटे साडेपाच. मैफल पुण्यात होणार आहे, पण थेट प्रक्षेपण न्यू जर्सीतले मराठी लोकही बघणार आहेत.

पहिलं वाक्य. फॉर्म सबमिट करा, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ती विनंती उघडा आणि काय गेलं ते बघा:

```
starts_at=2026-11-08T05%3A30
```

`%3A` म्हणजे नुसता विसर्गासारखा दिसणारा तो कोलन. म्हणजे तारीख, मधे T, आणि तास-मिनिटं. एवढंच. पुढे `+05:30` नाही, Z नाही, झोनचं नाव नाही. विनंतीच्या हेडरमध्ये शोधलंत तर तिथेही टाइमझोन सांगणारा कुठलाही प्रमाणित हेडर नसतो. `Accept-Language` मध्ये `mr-IN` दिसलं तर वाचणाऱ्याला मराठी हवी आहे इतकंच कळतं. तो माणूस न्यू जर्सीतल्या एडिसन गावात बसून मराठी वाचत असू शकतो. आयपी पत्त्यावरून अंदाज बांधायचा, तर व्हीपीएन चालू असला की तोही गेला.

ही ब्राउझरची उणीव नाही. एचटीएमएलच्या प्रमाणात या रकान्याचं मूल्य असंच ठरवलेलं आहे: भिंतीवरच्या घड्याळात दिसेल ती वेळ, कुठल्या भिंतीवरच्या ते न सांगता. यूटीसीत मूल्य देणारा `datetime` नावाचा प्रकार एकेकाळी प्रमाणाच्या मसुद्यात होता. तो काढून टाकला गेला, आणि आज तो लिहिलात तर ब्राउझर साधा मजकुराचा रकाना दाखवतो.

झोन न ठेवण्यामागचं कारण मला पूर्णपणे पटतं. समजा दिवाळी पहाटेची नोंद न्यू जर्सीतली एक कार्यकर्ती करते आहे. ती रकान्यात ०५:३० भरते, आणि तिच्या मनात पुण्याची पहाट असते. तिच्या लॅपटॉपचा झोन `America/New_York` आहे. ब्राउझरने तो झोन गुपचूप चिकटवला असता, तर मैफल पुण्याच्या घड्याळाने दुपारी चारला लागली असती. म्हणजे लॅपटॉप कुठे आहे हे ब्राउझरला माहीत असलं, तरी ही वेळ कुठली आहे हे माहीत नसतं. ते फक्त भरणाऱ्याला माहीत असतं, आणि तिला ते विचारणं हे साइटचं काम आहे.

दुसरं वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते केल्यावर बरेच दिवस काही बिघडलेलं दिसत नाही. Z म्हणजे "ही वेळ यूटीसीतली आहे" असं विधान. ते आपण लावलं, पण ते खरं नाही. `2026-11-08T05:30Z` म्हणजे भारतात सकाळचे अकरा, आणि न्यू जर्सीत मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. पहाटेची मैफल भर दिवसा जाऊन बसली.

मग लक्षात का येत नाही? कारण संपादनाच्या पानावर तोच कोड उलटा चालतो: डेटाबेसमधली वेळ काढा, Z कापा, रकान्यात टाका. तिथे ०५:३० दिसतात. दोन चुका एकमेकींना खोडतात आणि आयोजक निश्चिंत होतात. उघडकीला येतं ते आठवणीचा ईमेल सुटतो तेव्हा, किंवा कोणी "कॅलेंडरमध्ये जोडा" दाबतं तेव्हा, कारण त्या दोन्ही ठिकाणी Z खरा मानला जातो. तक्रारीत बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल, तर आधी इथेच बघावं.

याच कुळातले आणखी दोन सापळे आहेत. `new Date("2026-11-08T05:30")` असं लिहिलं की जिथे कोड चालतो तिथला झोन धरला जातो. तुमच्या पुण्यातल्या लॅपटॉपवर सर्व्हर भारतीय वेळेत चालतो, म्हणून चाचणीत सगळं नीट दिसतं. तोच कोड क्लाउडवर चढवला की तिथलं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आणि कोडची एक ओळही न बदलता सगळे कार्यक्रम सरकतात. दुसरा सापळा ब्राउझरमध्ये आहे. त्याच रकान्याचं `valueAsNumber` घेतलं, तर ते मूल्य यूटीसी असल्यासारखं मोजलं जातं. `new Date(input.value)` मात्र तेच मूल्य स्थानिक मानतं. भारतात या दोन आकड्यांत १,९८,००,००० मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे पुन्हा साडेपाच तास. एकाच साइटवर एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं वापरलं असेल, तर काही नोंदी बरोबर आणि काही चूक असं चित्र दिसतं.

तिसरं वाक्य अर्धवट शहाणपणाचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, पाठवणं हे काहीच न पाठवण्यापेक्षा बरं. पण कुठल्या दिवसाचा ऑफसेट? न्यू जर्सीच्या मंडळाने ७ नोव्हेंबरला संध्याकाळी सातला स्वतःचा कार्यक्रम ठेवला, आणि फॉर्म २० ऑक्टोबरला भरला असं धरू. त्या दिवशी `new Date().getTimezoneOffset()` २४० देतं, म्हणजे यूटीसीच्या चार तास मागे. अमेरिकेतली उन्हाळी वेळ १ नोव्हेंबरला संपते आणि ७ तारखेला तिथलं घड्याळ पाच तास मागे असतं. चार धरून साठवलेली वेळ होते ७ नोव्हेंबर, २३:०० यूटीसी. ती त्या दिवशी न्यू जर्सीत संध्याकाळचे सहा म्हणून दिसेल. लोक तासभर आधी येऊन बंद सभागृहासमोर उभे राहतील.

"मग निवडलेल्या तारखेचा ऑफसेट घ्या," असं कोणी म्हणेल. तेवढी एक चूक त्याने सुटते. पण ऑफसेट हे नियमाचं आजचं उत्तर असतं, नियम नव्हे, आणि नियम सरकार बदलतं. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ कायमची बंद केली. त्याआधी कोणी जून २०२३मधली मेक्सिको सिटीची सकाळी दहाची भेट "पाच तास मागे" धरून १५:०० यूटीसी अशी साठवली असेल, तर बदलानंतर ती तिथे सकाळी नऊला दिसणार. `America/Mexico_City` हे नाव साठवलेलं असेल तर नव्या नियमाने वेळ पुन्हा काढता येते. नुसत्या `-05:00` वरून ती कुठल्या शहराची होती हेसुद्धा सांगता येत नाही.

चौथं वाक्य. भारतात १९४५नंतर घड्याळं पुढेमागे केलेली नाहीत आणि आज सगळीकडे एकच वेळ आहे, हे खरं. पण सर्व्हर यूटीसीत असतो ती अडचण इथेही तशीच राहते, आणि वापरकर्ते "भारतातले" म्हणजे कोण? साताऱ्यातल्या दवाखान्यात वडिलांसाठी डब्लिनहून मुलगी वेळ घेते, तेव्हा तिच्या फोनचा झोन आयर्लंडचा असतो. इथे तिला झोन विचारायचीही गरज नाही. दवाखाना साताऱ्यात आहे, म्हणून झोन `Asia/Kolkata`, आणि तो सर्व्हरवर उघडपणे लिहायचा, यंत्राच्या सेटिंगवर सोडायचा नाही. रकान्याशेजारी "भारतीय वेळेनुसार" हे दोन शब्द छापले तर मुलीचाही गोंधळ होत नाही.

आता सेव्ह करण्याआधी काय जोडायचं ते. जागा ठरलेली नसेल तर तारीख-वेळेच्या शेजारी झोनचा दुसरा रकाना द्यावा, दिसणारा आणि बदलता येणारा. त्यात सुरुवातीचं मूल्य ब्राउझरकडून भरता येतं:

```js
zone.value = Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone;
```

हा फक्त अंदाज आहे, म्हणून तो लपवलेल्या रकान्यात ठेवू नये. आपल्या न्यू जर्सीच्या कार्यकर्तीला "न्यूयॉर्क" दिसलं पाहिजे, तरच ती ते बदलून "भारत" करेल. एक बारकावा: काही ब्राउझर इथे `Asia/Kolkata` ऐवजी `Asia/Calcutta` हे जुनं नाव देतात. दोन्ही एकच झोन आहेत. सर्व्हरवर यादीशी ताडताना जुनी नावंही स्वीकारावीत, आणि झोनच्या रकान्यातल्या पर्यायांत ते नाव नसेल तर रकाना रिकामा राहतो हे ध्यानात ठेवावं.

सर्व्हरवर मग रूपांतर करायचं. पोस्टग्रेसमध्ये ते असं दिसतं:

```sql
select timestamp '2026-11-08 05:30'
       at time zone 'Asia/Kolkata';
```

उत्तर येतं ८ नोव्हेंबर, ००:०० यूटीसी. न्यू जर्सीत ते ७ नोव्हेंबरचे संध्याकाळचे सात. हेच हवं होतं. पण `timestamptz` या प्रकाराच्या नावाने फसू नका, त्यात झोन साठवला जात नाही. तो क्षण तेवढा राहतो आणि झोनचं नाव गळून पडतं. म्हणून पुढच्या काळातल्या कार्यक्रमासाठी तीन स्तंभ ठेवावेत: भरलेली वेळ जशीच्या तशी, झोनचं नाव, आणि त्या दोहोंवरून काढलेला यूटीसी क्षण. पहिले दोन मूळ, तिसरा क्रम लावायला आणि ईमेल सोडायला. टाइमझोनची माहिती अद्ययावत झाली की तिसरा स्तंभ पुन्हा काढायचा. घडून गेलेल्या गोष्टींना, म्हणजे पैसे कधी भरले, लॉगिन कधी झालं, एवढं काही लागत नाही. तिथे सर्व्हरने स्वतः टिपलेला यूटीसी क्षण पुरतो.

रूपांतर करताना दोन प्रकारच्या वेळा अडवतात. न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर २०२६ला रात्रीचे दीड दोनदा वाजतात, आणि ८ मार्च २०२६ला अडीच वाजलेच नव्हते. फॉर्मचा रकाना दोन्ही वेळा बिनतक्रार घेतो, आणि बहुतेक लायब्ररी गपचूप काहीतरी एक निवडतात. जावास्क्रिप्टच्या नव्या `Temporal` मध्ये `disambiguation: "reject"` दिलं की अशा वेळेला ते चूक दाखवतं. मग "ही वेळ त्या दिवशी दोनदा येते, पहिली की दुसरी?" असं माणसालाच विचारता येतं.

Z लावून आधीच साठवलेल्या नोंदी बहुतेकदा वाचवता येतात. Z कापला की माणसाने भरलेली मूळ वेळ परत मिळते. कार्यक्रमाचा पत्ता नोंदीत असेल तर त्यावरून झोन ठरवून क्षण पुन्हा काढावा. पत्ता नसलेल्या, ऑनलाइन कार्यक्रमांच्या नोंदींसाठी मात्र आयोजकांना विचारूनच झोन भरावा लागेल, आणि तोवर त्या नोंदींचे आठवणीचे ईमेल थांबवून ठेवावेत.