‘काळी कॉफी चालते’ हे नेमकं कुठे चुकतं

एक संदेश असा आहे: “उपाशीपोटी रक्त द्यायचं असो की स्कॅन, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी बिनधास्त प्या. तिच्यात कॅलरी नसतात, म्हणजे ती पाण्यासारखीच. ऑपरेशनच्या आधीसुद्धा दोन तासांपर्यंत काळी कॉफी देतात, मग साध्या तपासणीला काय होणार?”

ऑपरेशनचा मुद्दा आधी घेऊ, कारण या संदेशाला वजन त्यानेच आलं आहे. भूल देण्यापूर्वी २ तासांपर्यंत पाण्यासारखे पातळ पदार्थ चालतात आणि बिनदुधाची कॉफी त्यांत मोडते, हे खरंच आहे. पण त्या नियमामागची काळजी वेगळी आहे. भूल चढल्यावर पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून जठर रिकामं हवं असतं, आणि काळी कॉफी जठरातून लवकर पुढे सरकते. रक्तात साखर किती किंवा पित्ताशय भरलेलं आहे का, हे तिथे कुणाला मोजायचं नसतं.

आता कॅलरी. त्या नसल्या तरी कॉफीत कॅफिन असतंच. फास्टिंग शुगरसाठी किमान ८ तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं. कॅफिनमुळे अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि इन्सुलिनचा परिणाम काही काळ मंदावतो. कपभर काळ्या कॉफीने बऱ्याच जणांच्या फास्टिंग आकड्यात फारसा फरक पडत नाही, हे मान्य. पण आपल्यात तो पडेल की नाही, हे आधी कळत नाही, आणि प्रीडायबेटिसच्या १०० किंवा मधुमेहाच्या १२६च्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला थोडा फरकही महागात पडतो. ग्लुकोज पाजून करतात त्या चाचणीत तर कॅफिनमुळे साखर चढलेली दिसते.

शिवाय घरात ‘थोडीशीच कॉफी’ म्हणजे बहुधा दुधाची. १०० मिली दुधात सुमारे ५ ग्रॅम दुधातली साखर असते, वर दोन चमचे साखर म्हणजे आणखी ८-१० ग्रॅम. ती ७ वाजता घेऊन पाऊण तासाने रक्त दिलं, तर साखर चढलेली असतानाच नमुना जातो. समजा खरा आकडा ९४ आहे आणि अहवालात ११२ आला. त्यावर प्रीडायबेटिसचा शिक्का बसतो, आणि कॉफीचा उल्लेख कुठेच नसतो.

पोटाच्या सोनोग्राफीत अडचण निराळीच आहे. पित्ताशय पित्ताने फुगलेलं असेल तरच त्यातले खडे आणि त्याची भिंत नीट दिसते, म्हणून ६ ते ८ तास उपाशी बोलावतात. कॉफीने पित्ताशय आकुंचन पावतं. दूध नसलं तरी, आणि कॅफिन काढलेली असली तरीही. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड वाटते, बारीक खडे नजरेतून सुटतात. ओटीपोटही पाहायचं असेल तर मूत्राशय भरण्यासाठी लागतं ते साधं पाणीच.

सगळ्यात मोठा धोका हृदयाच्या स्कॅनमध्ये आहे. औषध देऊन केलेल्या स्ट्रेस थॅलियमसारख्या तपासणीत अ‍ॅडेनोसिन किंवा त्याच जातीचं औषध टोचतात. त्याने निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात, अरुंद झालेल्या तितक्या रुंदावू शकत नाहीत. या फरकावरच निदान उभं असतं. अ‍ॅडेनोसिन जिथे काम करतं त्याच जागा कॅफिन अडवतं, त्यामुळे फरक पुसट होतो आणि अडलेली वाहिनी नॉर्मल भासू शकते. असा खोटा दिलासा चढलेल्या साखरेपेक्षा घातक. म्हणून १२ ते २४ तास कॅफिन बंद ठेवायला सांगतात. तुमच्या केंद्राने दिलेली वेळच पाळा. चहा, कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, कॅफिन काढलेली कॉफी आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या, हे सगळं यात येतं. ट्रेडमिलवर चालायचं ठरलं असेल तरी सूट घेऊ नका, चालणं जमलं नाही तर ऐनवेळी औषधच द्यावं लागतं.

मग करायचं काय? सकाळची पहिली वेळ मागून घ्या. ७:३०ला नमुना असेल तर रात्री ८च्या सुमारास जेवण उरका. साडेअकरा तास होतात, त्यात साखर आणि लिपिड दोन्ही बसतात. उठल्यावर एक-दोन पेले साधं पाणी प्या, शीर सापडायला सोपी जाते. लिंबू-मध नको. कॉफीवाचून डोकं धरत असेल तर ती थर्मासमध्ये सोबत न्या आणि सुई निघाल्यावर प्या. जेवणानंतरची साखर म्हणजे पीपी द्यायची असेल तर मात्र कॉफी जेवणासोबतच संपवा. पहिल्या घासापासून २ तास मोजायचे, मधे पाण्याशिवाय काही नाही. हृदयाच्या स्कॅनला एवढ्याने भागत नाही. रोज तीन-चार कप लागत असतील तर चार-पाच दिवस आधीपासून एकेक कप कमी करत या. रक्तदाबाच्या गोळ्या सहसा घोटभर पाण्यासोबत चालतात, पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं का आणि स्कॅनआधी कुठलं औषध थांबवायचं, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.

चुकून प्यायलीच, तर काय, किती आणि किती वाजता ते सुई टोचायच्या आधी सांगा. एचबीए१सी, क्रिएटिनिन, सीबीसी यांचा नमुना तेव्हाही देता येतो. फास्टिंग शुगर तेवढी दुसऱ्या दिवशी द्या. हृदयाचा स्कॅन असेल तर तो पुढे ढकलावा लागेल, आणि तोच योग्य निर्णय आहे.