शिशाचा आकडा आणि ॲनिमिया: ‘१० च्या आत’ म्हणजे काय?

“मुलाच्या रक्तातलं शिसं १० च्या आत असेल तर नॉर्मल समजा. ॲनिमिया आहे ना, मग लोहाचं सिरप सुरू करा, पुरे झालं. ४५ च्या पुढे गेलं तरच उपचार लागतात, उगाच घाबरू नका.”

पालकांना दिला जाणारा हा सल्ला एकेक करून तपासू. आधी १० बद्दल. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने १० मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर ही काळजीची पातळी ठरवली होती. २०१२ मध्ये ती ५ झाली, २०२१ मध्ये ३.५. पण ही ३.५ सुद्धा सुरक्षिततेची सीमा नव्हे. तिथल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांचे आकडे चढत्या क्रमाने लावले, तर ९७.५ टक्के मुलं ज्याच्या खाली येतात, तो आकडा. म्हणजे ३.५ च्या वरचं मूल इतरांच्या मानाने जास्त शिसं घेतंय, एवढंच तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटना ५ पासूनच शिसं कुठून येतंय ते शोधा म्हणते. आणि बुद्धीवर होणारा परिणाम प्रत्येक मायक्रोग्रॅममागे सर्वांत जास्त दिसतो तो १० च्या खालीच. त्यामुळे रिपोर्टच्या उजव्या रकान्यात ‘१० पेक्षा कमी’ छापलेलं असलं तरी ती जुनी रेषा आहे, हे लक्षात ठेवा. एकक मात्र नक्की बघा: आकडा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर त्याला २०.७ ने गुणा. ०.४२ म्हणजे जवळपास ८.७.

ॲनिमियाबद्दलचं अर्धं खरं आहे. ८-१० च्या पातळीला हिमोग्लोबिन शिशामुळे उतरत नाही. तसं व्हायला आकडा साधारण ४० च्या आसपास लागतो. मग कमी आकड्याच्या मुलात ॲनिमियाची दखल का घ्यायची? कारण नातं उलट्या दिशेनेही चालतं. आतड्यात लोह ज्या वाटेने आत शिरतं, बऱ्याच अंशी त्याच वाटेने शिसंही शिरतं. लोह कमी पडलं की शरीर ती वाट रुंद करतं. त्यात अशी मुलं माती, चुना, पाटीची पेन्सिल खातात. त्याच घरात, त्याच धुळीत लोह कमी असलेलं मूल जास्त शिसं शोषून घेतं.

माझ्या ओपीडीतली बावीस महिन्यांची एक मुलगी, वजन ९ किलो. हिमोग्लोबिन ८.२, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ५, तांबड्या पेशी बारीक. बोटातून घेतलेल्या रक्तात शिसं १२ आलं, दोन दिवसांनी शिरेतून घेतल्यावर ८.६. आईने विचारलं, “डॉक्टर, दोन दिवसांत उतरलं ना?” उतरलं नव्हतं. बोटावरची धूळ सुईच्या टोचासोबत थेंबात मिसळते, म्हणून बोटाचा आकडा वाढला तर शिरेतून खात्री करतात आणि तोच धरतात.

मात्र ८.६ सुद्धा पूर्ण सांगत नव्हता. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींमध्ये असतं. पेशीच कमी असल्या की डेसीलिटरमागचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून लोह सुरू केल्यावर हिमोग्लोबिन चढतं, पण शिशाचा आकडा अपेक्षेइतका पटकन उतरत नाही. त्यावरून सिरप वाईट ठरवून बंद करू नका.

सिरप हवंच: किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह, म्हणजे तिला २७. आणि दुधासोबत नाही. पण सिरप शिसं बाहेर काढत नाही, आणि शिसं येत राहिलं तर सिरप निम्मंच काम करतं. घरी गेल्यावर कळलं, चाळीतल्या खोलीची खिडकी तिच्या छातीइतकी. दिवाळीआधी जुना, शिसं असलेला ऑइलपेंट कोरडाच खरवडलेला. मुलगी गज धरून उभी राहते आणि चौकट चाटते. चौकटीवर दातांचे ठसे होते.

४५ ही रेषा काळजीची नाही, औषधाची आहे: त्यावर शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं देतात. त्याखाली सहसा नाही, कारण त्यांनी फायदा दिसलेला नाही. त्याखालचा उपचार म्हणजे स्रोत तोडणं. सीडीसीच्या वेळापत्रकात ३.५ ते ९ ला तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, १० ते १९ ला एक ते तीन महिन्यांनी, आणि २० ते ४४ ला दोन आठवडे ते महिन्याच्या आत.

त्या घरात चौकट ओल्या कापडाने पुसून, ओली ठेवूनच घासली आणि नवा रंग दिला. झाडू बंद, ओला पोछा सुरू. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१, शिसं ५.३. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत साठलेलं हळूहळू परत येत राहतं. म्हणून पुढची तारीख दिली आहे, आणि सिरप अजून चालू आहे.