९९९ च्या पोटातला कर

लेखात मी लिहिलं होतं की सगळे कर धरून ९९९ रुपये छापील किंमत असलेल्या वस्तूत १८ टक्के जीएसटी १५२.३९ रुपये असतो. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "९९९ चे १८ टक्के १७९.८२ होतात, तुम्ही १५२.३९ सांगताय. आमच्या दुकानदाराच्या बिलावर मूळ किंमत ८१९.१८ आणि सीजीएसटी, एसजीएसटी प्रत्येकी ८९.९१ छापलंय. दुसऱ्या एका बिलावर ७६.१९ दोनदा आहे, त्याची बेरीजही तुमच्याशी जुळत नाही. लोकांना चुकीचं शिकवू नका."

दोन्ही बिलांचे आकडे दिलेत ते बरं झालं, नाहीतर नुसतीच वादावादी झाली असती.

आधी ८९.९१ चं बघू. १८ टक्के कर मूळ किमतीवर लागतो, कर मिळवून झालेल्या ९९९ वर नाही. मूळ किंमत १०० धरली तर ग्राहक ११८ देतो. म्हणून ९९९ ला १.१८ ने भागायचं: ८४६.६१. उरलेले १५२.३९ हा कर. तुमच्या दुकानदाराने बहुधा कॅल्क्युलेटरवर ९९९ वजा १८ टक्के असं दाबलं. हे फार जण करतात. त्याचंच बिल उलटं तपासा. १८ पैकी ९ टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि ९ टक्के राज्याचा एसजीएसटी. ८१९.१८ चे ९ टक्के ७३.७३ होतात, मग ८९.९१ कुठून आले? भागून पाहिलं तर दर जवळजवळ ११ टक्के निघतो, आणि बिलावर मात्र ९ छापलेला असणार. कुठलंही बिल तपासायला मी एवढंच करतो: सीजीएसटीच्या आकड्याला करपात्र रकमेने भागतो आणि शेजारी छापलेला दर येतो का ते बघतो.

यात तुमचं नुकसान झालेलं नाही, तुम्ही ९९९ च दिलेत. कर जास्त दाखवल्याने कमी उरलं ते दुकानदाराला. छापील किमतीच्या वर पुन्हा जीएसटी लावून ११७८.८२ मागितले असते, तर मात्र भांडायचं. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात.

आता दुसऱ्या बिलात कमी पडणारा तो एक पैसा. इथे तुमचं म्हणणं रास्त आहे, मी लेखात हे लिहायला हवं होतं. ८४६.६१ चे ९ टक्के ७६.१९४९, म्हणून केंद्राचे ७६.१९ आणि राज्याचेही ७६.१९. तिन्हींची बेरीज ९९८.९९. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'राउंड ऑफ ०.०१' असेल, बघा. पाच-सहा वस्तूंचं बिल असेल तर असे दोन-चार पैसे इकडेतिकडे होतात. फरक रुपयांत गेला तर शंका घ्यावी, आणि तेव्हाही आधी सगळ्या वस्तूंचा दर एकच आहे का ते पाहावं. ५ आणि १८ टक्क्यांच्या वस्तू एकत्र असतील तर एकूण रकमेला १.१८ ने भागून काहीच हाती लागत नाही, प्रत्येक दराची बेरीज वेगळी काढावी लागते.

हीच वस्तू परराज्यातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घरी मागवलीत तर बिलावर आयजीएसटीची एकच ओळ येईल, १५२.३९ ची. तिथे बेरीज नेमकी ९९९ होते, कारण अर्धे करून पैसा गळायला जागाच नाही.