पावसाळी दिवसासाठी बचत करा म्हणे

आज दुपारी कर्वे रोडला सिग्नलला रिक्षा थांबली आणि समोर हे एवढं मोठं होर्डिंग. छत्री धरलेलं हसरं कुटुंब आणि वर लिहिलंय, "पावसाळी दिवसासाठी आजच बचत करा." मी दोनदा वाचलं. रिक्षावाले काका पण वाचत होते बहुतेक, कारण सिग्नल सुटता सुटता म्हणाले, "मॅडम, हे लोक छत्री हप्त्याने देतात का?"

आता यावर काय बोलणार. मी वीस वर्षं जाहिराती लिहून पोट भरते, मला शरम वाटली.

रेनी डे म्हणजे इंग्लंडात वाईट दिवस, पाऊस म्हणजे कटकट, म्हणून त्यासाठी पैसे साठवायचे. आपल्याकडे? खडकवासला आणि पानशेतमध्ये किती पाणी आलं हे आपण जूनपासून रोज पेपरात बघतो, पाऊस लांबला की पाणीकपात, आणि लागला की कांदाभजी. आपल्या भाषेत पावसाळी दिवस हा वाईट दिवस नाहीच मुळी, आपण त्याची वाट बघतो! म्हणजे ते वाक्य नुसतं बोजड नाहीये, ते उलटं झालंय. आपल्याकडे पैसे अडीनडीला ठेवतात, अडीअडचणीला ठेवतात, चार पैसे गाठीशी असू देत म्हणतात. आजीपासून सगळ्यांना हे शब्द माहितीयेत, फक्त होर्डिंगवाल्यांना नाही.

आणि मला राग जास्त आला कारण हाच रेनी डे एकदा माझ्या गळ्यात पडला होता. चार-पाच वर्षं झाली. वॉटरप्रूफिंगची एक कंपनी, नाव सांगत नाही. त्यांची इंग्लिश फिल्म चांगली चालली होती आणि आता मराठी हवी होती. नवीन शूट नाही, तीच फिल्म, फक्त आवाज बदलायचा. तीस सेकंद. घराचं छत गळतंय, खाली बादली, नवरा-बायको टेबलाशी पैसे मोजत चहा पितायत. शेजारचे वयस्कर गृहस्थ येतात, बादलीकडे बघतात आणि बागेतलं शोभेचं कारंजं बघावं तसं अगदी गंभीरपणे म्हणतात, "लव्हली वॉटर फीचर." नवरा म्हणतो, थँक्यू, आम्हीच केलंय. मग एक थेंब त्याच्या कपात पडतो, तो शांतपणे घोट घेतो आणि म्हणतो, तसाही जरा कडकच झाला होता. आणि शेवटी आवाज येतो, "सेव्हिंग फॉर अ रेनी डे? वेल. इट्स हिअर."

मस्त स्क्रिप्ट होती, मान्य. कोणी हसत नाही, कोणी ओरडत नाही, घर गळतंय आणि सगळे सभ्य.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी कुठून तरी भाषांतर करून घेतलेलं. मी ते अजून जपून ठेवलंय. "सुंदर जलवैशिष्ट्य आहे!" "धन्यवाद, आम्ही ते स्वतः केले." आणि शेवटी, "पावसाळी दिवसासाठी बचत करत आहात? बरं. तो इथे आहे." जलवैशिष्ट्य! कोण तो इथे आहे? जावई?

बरं, चूक काढता येते का यात? नाही. शब्दाला शब्द बरोबर आहे. घोळ तिथेच आहे. विनोद वॉटर फीचर या शब्दात नव्हताच, तो होता अडचणीला मिरवण्यात. बागेतल्या कारंज्याचं कौतुक करावं तसं गळतीचं कौतुक. म्हणजे मला मराठीत असं काहीतरी शोधायचं होतं की जे आपल्याकडे लोक मिरवतात आणि जे पाण्याचं आहे.

पहिलं सुचलं ते, "वा! चोवीस तास पाणी?" आणि नवऱ्याचं उत्तर, "हो. पाणीपट्टी पण नाही." मी स्वतःवर जाम खूश. पुण्यात चोवीस तास पाण्याच्या योजनेबद्दल आपण किती वर्षं ऐकतोय ते वेगळं सांगायला नको. शिवाय ओठांना बसत होतं. शेजाऱ्याचा चेहरा क्लोजअपमध्ये आहे, त्यामुळे तो जितका वेळ तोंड हलवतो तितकंच बोलायला मिळतं. लव्-ली-वॉ-टर-फी-चर, सहा ठोके. वा-चो-वीस-तास-पा-णी, सहा. इंग्लिशमध्ये व आणि फ म्हणताना त्याचा खालचा ओठ दाताला लागतो, तिथे मराठीत व, प, ब असं ओठाचं काहीतरी आलं की डोळ्याला खटकत नाही. पण तिथे क किंवा ग टाकलात तर कळतं की आवाज दुसऱ्याचा आहे. नवरा पाठमोरा होता, त्यामुळे त्याच्या तोंडी काहीही घालता येत होतं. डबिंगमध्ये पाठमोरा माणूस म्हणजे देवमाणूस.

ती ओळ क्लायंटने उडवली. मी चिडले, भांडले. त्यांचं म्हणणं, फिल्म अख्ख्या महाराष्ट्रात लागणार आहे. आणि मग एक जण म्हणाला की लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, तिथल्या माणसाला चोवीस तास पाण्याचा जोक कसा वाटेल? बरोबर होता तो. झालं समाधान? एवढं एक मान्य करते आणि पुढे जाते.

मग दोन दिवसांनी सुचलं. "वा! घरीच धबधबा?" परत सहा ठोके, आणि शेवटी ब आहे. नवरा म्हणतो, "हो. ट्रॅफिक लागत नाही." जुलैमधल्या रविवारी ताम्हिणीत किंवा लोणावळ्याच्या रस्त्यात तीन तास अडकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे बघा, कारंज्याच्या जागी धबधबा आला, आम्हीच केलंयच्या जागी ट्रॅफिक आलं, एकही शब्द मूळचा नाही, आणि तरी तीच गंमत आहे. तेच गंभीर तोंड.

आता चहा. "तसाही कडकच झाला होता" हे मराठीत म्हणता येतं, चुकीचं नाही. पण हसू येत नाही, कारण तिकडचा माणूस संकटात कुरकुर करत नाही यावर ते हसतात. आपण चहात पाणी पडलं की कशावर हसतो? पाहुणा आला की चहा वाढवण्यावर! म्हणून थेंब कपात पडतो, नवरा कपाकडे बघतो, मग शेजाऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "चला, तुमचा पण चहा झाला." चित्र तेच, थेंब तोच, त्याने शेजाऱ्याकडे बघणंसुद्धा मूळ फिल्ममध्ये होतंच, मी फक्त त्या बघण्याला कारण दिलं. हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं आणि मी टॉवेलवर येऊन लिहून ठेवलं, नवरा साक्षीदार आहे. (हो, पुणेरी टोमणा आहे. नागपूरकर म्हणतील आमच्याकडे चहा असा करत नाहीत. मग तर ते आमच्यावर हसतील, अजून उत्तम.)

आणि "तुमचा" हा शब्द बघा. इंग्लिशमध्ये यू म्हटलं की सुटले. मराठीत शेजारी वयस्कर दिसतोय म्हणजे नवरा तुम्ही म्हणणार आणि शेजारी त्याला अरे-तुरे करणार. त्या भाषांतरात मात्र सगळे एकमेकांना "आपण" म्हणत होते. शेजारी आहेत की बँकेचे मॅनेजर?

शेवटची ओळ सगळ्यात जास्त छळत होती. पैसे, संकट आणि पाणी तिन्ही एका वाक्यात हवं. चार दिवस मी पाऊस पाऊस करत बसले होते. मग लक्षात आलं की पाऊस बोलायची गरजच नाही, तो पडद्यावर दिसतोय की! संकट आणि पाणी दोघांना मिळून एक क्रियापद हवं, आणि ते तर आईच्या तोंडी रोज असतं. नको असलेला पाहुणा काय करतो? टपकतो. थेंब काय करतो?

"अडीअडचणीला ठेवलेत ना चार पैसे? ही बघा. टपकली."

मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आम्ही लोक नेहमी रडतो, की इंग्लिशचा पंच शेवटच्या शब्दावर असतो आणि आपल्याकडे त्यानंतर आहे, असतं, होतं लोंबकळत राहतं. इथे तेच कामाला आलं. पंचच क्रियापदात. "वेल" नंतर मूळ फिल्ममध्ये जी शांतता होती ती मी भरली नाही, तिथे फक्त थेंबाचा आवाज ठेवला, टप, आणि मग ही बघा, टपकली.

आणि क्लायंटकडून काय आलं? त्यांच्याकडे मराठी येणारं कोणी नाही, म्हणून ते ओळीचं परत इंग्लिश करून मागतात. "ट्रबल हॅज ड्रिप्ड" असं वाचून कोण हसेल? त्यांचा मेल आला, व्हेअर इज द रेनी डे. त्यांची पण बाजू आहे, पैसे त्यांचे, सही त्यांची, न कळणाऱ्या भाषेत काय छापलं जातंय याची भीती वाटणारच. तेव्हापासून मी तिसरा कॉलम द्यायला लागले. एकात ओळ, दुसऱ्यात शब्दशः अर्थ, तिसऱ्यात लोक इथे का हसतील ते. टपकलीसमोर मी लिहिलं होतं, हा शब्द थेंबाला आणि आगंतुक पाहुण्याला दोघांना चालतो, तुमच्या रेनी डेचेही दोनच अर्थ होते. तेव्हा कुठे तो माणूस थंड झाला.

काही जण म्हणतील कधी कधी सरळ भाषांतर पण चालतं. चालतं हो, चालत नाही कुठे म्हणाले मी. पण साधं वाटणारं वाक्यच फसवतं. ब्रिटनमध्ये रॉनसील नावाचा लाकडाला लावायचा रंग आहे, १९९४ पासूनची त्यांची ओळ आहे की डब्यावर जे लिहिलंय तेच हा करतो. तिकडे ती आता रोजच्या बोलण्यात गेलीये. एकही अवघड शब्द नाही, भाषांतर दोन मिनिटांचं. पण मराठी घरात डब्यावर लिहिलेलं आत कधी असतं का? बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, श्रीखंडाच्या डब्यात कालची आमटी! आमच्या आईच्या स्वयंपाकघरात डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवला तर चहात मीठ पडेल.

जाऊ दे. रागाने सुरू केलं होतं, आता चहाची आठवण येऊन भूक लागली. त्या होर्डिंगवाल्या भाषांतरकाराचा दोष नसेलही, त्याला शब्दामागे पैसे मिळत असतील आणि संध्याकाळपर्यंत सात भाषा हव्या असतील. त्याला कोणी सांगितलंच नसेल की छत्री बघून थांब, फोन कर, विचार.

एडिट: तिघींनी विचारलंय की शेवटी कुठली ओळ लागली. धबधबा लागला, टपकली लागली. चहा मात्र वीस सेकंदांच्या एडिटमध्ये कापला गेला, आणि नंतर फक्त वीस सेकंदांचीच चालवली.